पैसे माझे, फ्लॅट भावाच्या नावावर: बेनामी कायदा तुम्हाला कुठे अडवतो आणि आता काय करायचं

नातेवाइकाच्या नावावर घर घेणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. मुलगा परदेशात असतो म्हणून फ्लॅट आईच्या नावावर होतो. मोठ्या भावाला सहीसाठी येता येत नाही म्हणून धाकट्याच्या नावावर होतो. कुणाच्या नावावर आधीच दोन घरं असतात म्हणून तिसरं मेहुण्याच्या नावावर होतं. पैसा पगाराचा, बँकेतून गेलेला, कर भरलेला. मग एके दिवशी कुठेतरी ‘बेनामी’ शब्द वाचनात येतो आणि झोप उडते.

हा लेख अशाच माणसासाठी आहे. घोटाळ्याच्या पैशाने ड्रायव्हरच्या नावावर जमिनी घेणाऱ्यांचा विषय इथे नाही. स्वतःच्या कमाईने, घरच्याच माणसाच्या नावावर फ्लॅट घेतला आणि आता आपण कुठे उभे आहोत हे कळत नाही, असा हा माणूस. त्यातही भावाच्या नावावरचा फ्लॅट हे उदाहरण मी शेवटपर्यंत धरणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

आधी एक समजूत खोडून काढू

‘पैसा पांढरा आहे, त्यामुळे व्यवहार बेनामी होऊच शकत नाही’ असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते चूक आहे. कायदा मूळचा १९८८ चा. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली. या कायद्यात बेनामीची मुख्य व्याख्या दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली, मालमत्ता एकाच्या नावावर आणि तिची किंमत दुसऱ्याने दिलेली. दुसरी, ती मालमत्ता पैसे देणाऱ्याच्या फायद्यासाठी धरून ठेवलेली. मग तो फायदा आजचा असो की पुढचा, थेट असो की आडवळणाचा. या दोन्ही गोष्टी जुळल्या की व्यवहार बेनामी ठरतो. पैसा काळा की पांढरा, हा प्रश्न या व्याख्येत येतच नाही. तो येतो पुढे, सवलतींमध्ये.

‘दोन्ही’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. तुम्ही भावाला घर घ्यायला पैसे दिले, एवढ्याने काहीही बिघडत नाही. पैसे दिले आणि घरही मनातून तुमचंच राहिलं, तर बिघडतं.

पायरी १: नातं कोणतं, ते कायद्याच्या नजरेने बघा

कायद्याने घरच्या माणसांना काही सवलती दिल्या आहेत, पण सगळ्यांना सारख्या नाहीत. मला तर वाटतं, या एका मुद्द्यावर सगळ्या घरांमधली निम्मी काळजी मिटेल किंवा योग्य ठिकाणी सुरू तरी होईल.

नवऱ्याने बायकोच्या किंवा बायकोने नवऱ्याच्या नावावर घेतलं, किंवा आईवडिलांनी मुलामुलीच्या नावावर घेतलं, तर ते बेनामी नाही. अट एकच, पैसे देणाऱ्याच्या ज्ञात उत्पन्नातून गेलेले हवेत. पगार, धंद्याचा नफा, जुनं घर विकून आलेली रक्कम, बँकेचं कर्ज, असं कागदावर दाखवता येईल असं काहीही चालतं. मुलगी विवाहित आहे की अविवाहित, मुलगा सज्ञान आहे की नाही, याने फरक पडत नाही. (बायकोच्या नावावर नवऱ्याच्या पैशाने घेतलेल्या फ्लॅटचं भाडं मात्र नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. तो प्राप्तिकराचा विषय, बेनामीचा नाही. पण रिटर्न भरताना विसरू नका.)

भाऊ, बहीण, आईवडील, आजीआजोबा, नातवंडं यांच्यासाठी सवलत आहे, पण तिला आणखी एक अट जोडली आहे. पैसे ज्ञात उत्पन्नातून हवेतच, शिवाय कागदपत्रात पैसे देणाऱ्याचं आणि त्या नातेवाइकाचं, दोघांचीही नावं संयुक्त मालक म्हणून हवीत. म्हणजे भाऊ आणि तुम्ही, दोघांच्या नावावर फ्लॅट असेल आणि सगळे पैसे तुम्ही एकट्याने दिले असतील, तरी चालतं. एकट्या भावाच्या नावावर असेल तर ही सवलत मिळत नाही.

इथेच लोक फसतात. बापाने मुलाच्या नावावर घेतलं तर एकट्या मुलाचं नाव चालतं, पण मुलाने आईच्या नावावर घेतलं तर एकट्या आईचं नाव चालत नाही. ‘आई आहे, तिला कोण विचारतंय’ असं म्हणून घेतलेले किती फ्लॅट असतील, कल्पना करा.

मेहुणा, वहिनी, जावई, सून, भाचा, पुतण्या, चुलतभाऊ, सासूसासरे यांच्यासाठी कोणतीही सवलत नाही, संयुक्त नाव असलं तरी नाही. एकत्र हिंदू कुटुंबाच्या पैशातून कर्त्याच्या किंवा सदस्याच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला आणि विश्वस्तासारख्या नात्याने धरलेल्या मालमत्तेला वेगळी सूट आहे. पण ‘आमचं कुटुंब एकत्रच आहे हो’ असं तोंडाने सांगून ती मिळत नाही. एकत्र कुटुंबाचा पैसा वेगळा आणि ओळखू येणारा हवा.

सवलतीत बसलात तर पुढचं वाचण्याची फारशी गरज नाही. पैशाचे पुरावे नीट जपून ठेवा, झालं. बसला नाहीत तरी लगेच हातपाय गाळू नका, कारण व्याख्येची दुसरी अट अजून तपासायची आहे.

पायरी २: पैशाचा माग एका कागदावर काढा

आता उदाहरण घेऊ. थोरला भाऊ मस्कतला नोकरीला. धाकटा पुण्यात, पगार महिना पस्तीस हजार. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात ६८ लाखांचा जुना फ्लॅट घेतला, एकट्या धाकट्याच्या नावावर. कारण एवढंच की थोरल्याला रजा मिळत नव्हती. त्याने आपल्या एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या खात्यातून, २२ लाख थेट विकणाऱ्याच्या खात्यात पाठवले. उरलेल्या ४६ लाखांचं गृहकर्ज धाकट्याच्या नावावर निघालं. त्याच्या पगारात ते बसत नव्हतं, म्हणून थोरला जामीनदार राहिला. वीस वर्षांचा हप्ता चाळीस हजारांच्या आसपास, आणि तो भरण्यासाठी थोरला दरमहा धाकट्याच्या खात्यात तेवढे पैसे पाठवतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण साडेचार लाखही थोरल्याचेच.

असं असेल तेव्हा एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येक रकमेसमोर चार गोष्टी लिहा: तारीख, कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, कशासाठी. विसार, मुख्य रक्कम, मुद्रांक शुल्क, दलाली, सोसायटीची हस्तांतरण फी, कर्जाचा प्रत्येक हप्ता, घराचं फर्निचर, सगळं. बँकेची जुनी स्टेटमेंट्स ऑनलाइन दिसत नसतील तर शाखेत अर्ज करून आताच काढून घ्या. दहा वर्षांपूर्वीचं स्टेटमेंट नोटीस आल्यावर मागायला गेलात तर वेळेत हातात पडेलच असं नाही.

या कागदावर दोन रकमा वेगळ्या दिसतील. २२ लाखांबद्दल वादच नाही, ते थोरल्याने थेट विकणाऱ्याला दिले. ४६ लाख मात्र बँकेने दिले आणि ते फेडण्याची कायदेशीर जबाबदारी धाकट्याची आहे. त्यामुळे ती किंमत कुणी दिली, यावर वकिलाला युक्तिवाद करायला जागा आहे. पण दर महिन्याला थोरल्याकडून हप्त्याएवढेच पैसे येतात आणि दुसऱ्याच दिवशी हप्ता कापला जातो, असं स्टेटमेंट समोर असेल तर तो युक्तिवाद फार लांब जात नाही.

पायरी ३: घर नेमकं कुणाचं म्हणून वापरलं जातं?

सगळ्यात निर्णायक पायरी हीच. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये जयदयाल पोद्दार खटल्यात व्यवहार बेनामी आहे की नाही हे ओळखण्याच्या सहा खुणा सांगितल्या. आजही अशा प्रकरणांत त्यांचा आधार घेतला जातो. पैसा कुठून आला. खरेदीनंतर ताबा कुणाकडे राहिला. दुसऱ्याचं नाव लावण्यामागे हेतू काय होता. दोघांचं नातं आणि परिस्थिती काय. मूळ कागदपत्रं कुणाच्या कपाटात आहेत. आणि खरेदीनंतर त्या मालमत्तेबाबत कोण मालकासारखं वागलं. त्याच निकालाने हेही सांगितलं की व्यवहार बेनामी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तसा आरोप करणाऱ्यावर असतं, आणि नुसत्या संशयावर ते पेलत नाही.

आता मस्कतच्या भावाच्या फ्लॅटकडे दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बघू.

पहिल्या तऱ्हेत फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरार धाकट्याच्या सहीने होतो, पण दरमहा २२ हजार भाडं तो तसंच्या तसं थोरल्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात, पाठवतो. भाडेकरू कोण ठेवायचा हे थोरला ठरवतो. धाकटा स्वतः दुसरीकडे भाड्याने राहतो. आणि व्हॉट्सअॅपवर धाकट्याचा एक मेसेज आहे: ‘दादा, तू कायमचा आलास की तुझ्या नावावर करून देतो.’ इथे फायदा कुणाचा, हे विचारायची गरजच उरत नाही. एकट्याचं नाव असल्यामुळे भावासाठीची सवलत नाही आणि दोन्ही अटी जुळतात. कितीही पांढरा पैसा असो, हा व्यवहार बेनामीच्या व्याख्येत बसतो.

दुसऱ्या तऱ्हेत पैसे अगदी तेवढेच, रस्ताही तोच. पण त्या घरात धाकटा, त्याची बायको आणि मुलं राहतात. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वीजबिल तो भरतो. व्याजाची वजावट तो घेतो. सोसायटीच्या सभेला तो जातो. आणि डिसेंबर २०१८ मध्येच थोरल्याने लिहून दिलेलं एक साधं पत्र आहे की ही रक्कम मी भावाला घरासाठी बक्षीस देत आहे आणि या घरावर माझा कोणताही हक्क नाही. ही भावाने भावाला केलेली मदत झाली. भावाकडून मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला प्राप्तिकरही लागत नाही. फ्लॅट धाकट्याचाच आहे आणि दुसरी अट जुळत नाही.

पत्र नसतं, पण बाकी सगळं तसंच असतं तर? तरीही बाजू बरीच भक्कम राहते, कारण वागणूक बोलते. उलट पत्र आहे पण भाडं थोरल्याकडे जातं, तर पत्राला किंमत उरत नाही.

उसने म्हणून दिलेल्या पैशालाही हेच लागू. थोरल्याने २२ लाख हातउसने दिले, धाकट्याच्या ताळेबंदात ते देणं म्हणून दिसतं आणि तो थोडे थोडे फेडतोय, तर थोरला फक्त धनको आहे. पण सात वर्षांत एक रुपयाही परत गेला नसेल आणि कुठेच नोंद नसेल, तर नोटीस आल्यावर ‘ते कर्ज होतं’ म्हणणं कुणाला पटणार नाही.

तुमच्या फ्लॅटबद्दल या सहा प्रश्नांची खरी उत्तरं लिहून काढा. शोभतील अशी नकोत, खरी हवीत. हा कागद फक्त तुमच्यासाठी आणि तुमच्या वकिलासाठी आहे.

पायरी ४: खरेदीची तारीख

१ नोव्हेंबर २०१६ नंतरची खरेदी असेल तर नवा कायदा पूर्णपणे लागू होतो. बेनामी मालमत्ता कोणतीही भरपाई न देता सरकारजमा होऊ शकते. शिवाय खटला चालून दोष सिद्ध झाला तर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड.

त्याआधीची खरेदी असेल तर चित्र धूसर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गणपती डीलकॉम प्रकरणात म्हटलं की २०१६ ची दुरुस्ती मागच्या व्यवहारांना लावता येणार नाही. तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने पुनर्विलोकनात तो निकाल मागे घेतला आणि ते अपील नव्याने ऐकायचं ठरवलं. त्यामुळे ‘माझा फ्लॅट २०१२ चा आहे, मला काही होत नाही’ हा सल्ला २०२२ च्या एखाद्या जुन्या लेखातून उचलला असेल तर तो बाजूला ठेवा.

पायरी ५: जे करावंसं वाटतंय ते आधी थांबवा

घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो, भावाकडून फ्लॅट परत आपल्या नावावर करून घेऊ. बक्षीसपत्र करू, महाराष्ट्रात भावाभावांत ३ टक्के मुद्रांक शुल्क आणि वर स्थानिक अधिभार एवढ्यात भागतं. एजंटही हेच सुचवतो. कळकळीने सांगतो, सल्ला घेतल्याशिवाय हे करू नका.

बेनामीदाराने, म्हणजे ज्याच्या नावावर घर आहे त्याने, मालमत्ता खऱ्या मालकाकडे, म्हणजे पैसे देणाऱ्याकडे, किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कुणाकडे परत करायला कायद्याने बंदी आहे, आणि तसा दस्त झाला तरी तो रद्दबातल समजला जातो. म्हणजे पहिल्या तऱ्हेतल्या भावांनी बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क जाईल, मालकी मिळणार नाही आणि वर ‘घर मुळात थोरल्याचंच होतं’ याचा नोंदणीकृत पुरावा सरकारदरबारी तयार होईल. दुसऱ्या तऱ्हेतल्या धाकट्याने, जो खरोखर मालक आहे, काही वर्षांनी आपल्या मर्जीने थोरल्याला घर किंवा त्यातला हिस्सा दिला तर ती गोष्ट वेगळी. पण कागद तोच असल्यामुळे त्यामागचा इतिहास दाखवता आला पाहिजे.

दुसरा मोह जुन्या तारखेचं पत्र तयार करण्याचा. २०१८ चं बक्षीसपत्र आज लिहायचं, कुठून तरी जुना मुद्रांक मिळवायचा. मुद्रांक विक्रीच्या नोंदी असतात, नोटरीची वही असते, कॉम्प्युटरवरच्या फाईलची तारीख असते. आणि या कायद्याखालच्या कार्यवाहीत जाणूनबुजून खोटी माहिती किंवा खोटे कागद दिल्यास सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, असा वेगळाच गुन्हा आहे. जो माणूस कदाचित सुटला असता, तो या कागदामुळे अडकतो.

तिसरा मार्ग विकून टाकण्याचा. घर विकून पैसे वाटून घेतले की विषय संपला, असं वाटतं. पण कायद्यात मालमत्तेच्या व्याख्येत तिच्या विक्रीतून आलेली रक्कमही येते. नोटीस निघाल्यावर विकलं तर त्या विक्रीची दखलच घेतली जात नाही.

आणि मेसेज पुसू नका. ते पलीकडच्या फोनमध्येही असतात.

पायरी ६: भावाशी बोला, आणि दोघांचे वकील वेगळे असू शकतात हे स्वीकारा

हे सांगताना जड जातं, पण सांगितलंच पाहिजे. हा कायदा दोघा भावांना एका बाजूला उभं करत नाही. व्यवहार बेनामी असेल तर थोरला ‘हे घर माझं आहे, मला द्या’ असा दावा दिवाणी न्यायालयात लावू शकत नाही, आणि धाकट्याने दावा लावला तर बचावातही तसं म्हणू शकत नाही. धाकट्याने शब्द फिरवला, किंवा तो उद्या गेला आणि घर त्याच्या बायकोमुलांकडे वारसाने गेलं, तर थोरल्याला हात चोळत बसावं लागेल.

त्यात १ ऑक्टोबर २०२४ पासून एक नवी तरतूद आली आहे. बेनामीदाराने सगळी माहिती पूर्ण आणि खरी उघड केली तर त्याला खटल्यापासून आणि दंडापासून माफी देता येते. ही माफी खऱ्या मालकाला मिळत नाही. म्हणजे धाकट्याच्या वकिलाने त्याला दिलेला योग्य सल्ला थोरल्यासाठी घातक ठरू शकतो. एकाच वकिलाने दोघांची बाजू घेणं म्हणूनच अवघड होतं.

सल्ला घेताना नुसता खरेदीखत करणारा वकील पुरत नाही. बेनामी प्रकरणं पाहिलेला वकील आणि तुमचे रिटर्न भरणारा सीए, दोघांना एकत्र बसवा आणि पायरी २ आणि ३ चे कागद त्यांच्यासमोर ठेवा. त्यांना विचारायचा प्रश्न ‘यातून बाहेर कसं पडू’ हा नको. ‘आमच्या कागदांवर आणि वागणुकीवर हा व्यवहार दोन्ही अटी पुऱ्या करतो का’ हा विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर पुढची कामं सोपी आहेत: मालक जो आहे तोच खरोखर मालक दिसेल असा व्यवहार चालू ठेवायचा, भाड्याचं उत्पन्न त्याच्याच रिटर्नमध्ये, बिलं त्याच्याच खात्यातून. उत्तर ‘हो’ असेल तर आज स्वतःहून जाहीर करून सुटण्याची योजना उपलब्ध नाही. २०१६ च्या उत्पन्न जाहीर करण्याच्या योजनेत तशी वाट होती, ती त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बंद झाली. त्यानंतर काय करायचं हे प्रकरणागणिक ठरतं आणि ते लेख वाचून ठरवू नये.

कळतं कसं सरकारला?

३० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची नोंदणी झाली की निबंधकाकडून ती माहिती प्राप्तिकर खात्याकडे जाते. तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याच्या वेबसाइटवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, ती दिसते. धाकट्याने त्याचा एआयएस उघडून बघावा. वर्षाला चार लाखांचं उत्पन्न दाखवणाऱ्याच्या पॅनवर ६८ लाखांची खरेदी, आणि ५० लाखांवरच्या खरेदीमुळे त्याच पॅनवर कापलेला एक टक्का टीडीएस, हे दोन्ही तिथे असतं. विसंगती शोधायला माणूस लागत नाही.

शिवाय २०१८ पासून बेनामी मालमत्तेची माहिती देणाऱ्याला बक्षिसाची योजना आहे. घरातली भांडणं, वाटणीचे दावे, घटस्फोटाचे अर्ज यांतून कोण काय लिहील, याचा नेम नसतो.

पायरी ७: नोटीस आलीच तर

हे काम प्राप्तिकर खात्याच्या बेनामी प्रतिबंधक शाखेकडे असतं. सहायक किंवा उप आयुक्त दर्जाचा अधिकारी आधी समन्स काढून माहिती आणि जबाब घेऊ शकतो. समन्सला जाताना वकिलाशी बोलून जा आणि जे आठवत नाही ते ‘कागद बघून सांगतो’ असं म्हणा. पुढे खोटं ठरेल असं उत्तर देऊ नका. दोघा भावांच्या जबाबांत तफावत पडली तर प्रकरण तिथेच फिरतं.

त्यानंतरची कारणे दाखवा नोटीस बेनामीदाराला, म्हणजे ज्याच्या नावावर घर आहे त्याला निघते आणि खऱ्या मालकाची ओळख पटलेली असेल तर तिची प्रत त्यालाही जाते. उत्तरासाठी नोटिशीत मुदत दिलेली असते. ती नोटीस निघालेल्या महिन्याच्या अखेरीपासून जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत जाऊ शकते. दरम्यान अधिकारी वरिष्ठांच्या मंजुरीने घरावर तात्पुरती जप्ती आणू शकतो. जप्ती म्हणजे घर विकता, गहाण ठेवता किंवा कुणाला देता येत नाही. जप्ती कायम ठेवायची ठरली तर प्रकरण न्यायनिर्णय प्राधिकरणाकडे जातं. तिथे दोन्ही बाजू ऐकून, प्रकरण त्यांच्याकडे पोचलं त्या महिन्याच्या अखेरीपासून एका वर्षात निर्णय द्यावा लागतो. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे आणि तिथून कायद्याच्या मुद्द्यावर ६० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं.

नोटीस हातात आली की पहिल्या दिवशी एक काम करा. अधिकाऱ्याने कशाच्या आधारावर हे म्हटलं, त्याची नोंदवलेली कारणं आणि त्याच्याकडचे कागद यांच्या प्रती लेखी मागा. तुमचं उत्तर त्या कागदांना असलं पाहिजे. पायरी ३ ची सहा उत्तरं आणि त्या प्रत्येकाखाली जोडलेला पुरावा, हाच उत्तराचा गाभा. दुसऱ्या तऱ्हेतल्या धाकट्याने उत्तरासोबत सात वर्षांची मेंटेनन्सच्या पावत्यांची फाईल, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा त्याच घराचा पत्ता, रिटर्नमधली व्याजाची वजावट आणि ते बक्षिसाचं पत्र लावलं, तर अधिकाऱ्यापुढे बोलायला काही भक्कम हाताशी असतं.

पुढचं घर घेताना

भाऊ, बहीण किंवा आईवडील यांच्याबरोबर घ्यायचं असेल तर पहिल्या करारनाम्यापासूनच दोघांची नावं घाला. कायद्यात ‘कोणत्याही कागदपत्रात’ संयुक्त मालक म्हणून नाव असं म्हटलं आहे, म्हणून काहीजण नंतर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घेण्याचा सल्ला देतात. मी त्यावर विसंबून राहणार नाही. खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे निबंधक कार्यालयातला नोंदणीचा उतारा, दोन्हीवर नाव हवं.

खरोखर भेट द्यायची असेल तर पैसे आधी आईच्या किंवा भावाच्या खात्यात टाका, त्याच दिवशी बक्षिसाचं पत्र करा, आणि विकणाऱ्याला पैसे त्यांच्या खात्यातून जाऊ द्या. त्यानंतर ते घर तुमचं नाही, हे मनाने मान्य असेल तरच हा मार्ग घ्या.

आणि अडचण फक्त सहीची असेल, मस्कतच्या भावासारखी, तर दुसऱ्याच्या नावावर घर घेण्याची काहीच गरज नसते. थोरल्याने धाकट्याला त्या एका फ्लॅटच्या खरेदीपुरतं मुखत्यारपत्र द्यायचं, त्यावर मस्कतच्या भारतीय दूतावासात जाऊन सही करायची आणि ते साक्षांकित करून घ्यायचं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. मग निबंधक कार्यालयात धाकटा सही करतो, पण खरेदीखतावर घेणारा म्हणून नाव थोरल्याचंच येतं.